शेवटच्या पाच ओळी : माहिती केंद्राच्या प्रकल्प नोंदी

३ जून

वाचनालयातल्या माहिती केंद्राच्या फोनवर आज सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत एकाच घरचं बोलणं चाललं. राळेगाव तालुक्यातल्याच एका गावच्या मावशी. मालक महाशिवरात्रीच्या आधी गेले, शेत आता त्याच पाहतात. स्वतः वाचत नाहीत. आठवीतली नात वाचून दाखवते, मावशी बोलून पाठवतात.

पहिला प्रश्न सोयाबीनच्या घरच्या बियाण्याचा होता. त्यातूनच विहिरीचा निघाला, मग नातवाच्या हगवणीचा, मग सातबाऱ्यावर नाव चढवण्याचा, आणि शेवटी सरकारी हप्ता कोणत्या बँकेत जमा होतो याचा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. प्रत्येकाचं उत्तर विचारून-पडताळून दिलं : शेतीचं आमच्या कृषी पदविकावाल्या दादांना विचारून, बाळाचं आशाताईंना, सातबाऱ्याचं मंडळ अधिकाऱ्यांकडे काम केलेल्या एका निवृत्त काकाजींना.

चार वाजता मावशी म्हणाल्या, "पोरी, आता हे सारं मले एका जागी लिहून दे. इतकं वर-खाली कोन करीन?"

मी लिहून पाठवलं ते इथे जसंच्या तसं उतरवून ठेवते, कारण पुढचं सगळं काम यावरच होणार आहे :

"मावशी, सोयाबीन एकरी ३० किलो पेरा आणि विहिरीत ब्लीचिंग पावडर टाका, बाळाला पाकीट पाण्यात कालवून थोडं थोडं पाजा तसेच झिंकची गोळी द्या, वारस नोंदीचा अर्ज करा आणि बँकेत आधार लिंक आहे का ते बघा."

पाठवताना मला हे चांगलं वाटलं होतं. पाचही उत्तरं आली होती, आणि छोटं होतं.

४ जून

सकाळी सात वाजता आशाताईंचा फोन. काल संध्याकाळी त्या मावशींच्या घरी झिंकच्या गोळ्या द्यायला गेल्या, तेव्हा ओट्यावर स्टीलच्या पेल्यात ओआरएसचं अख्खं पाकीट कालवलेलं होतं. पाणी पेलाभरच, म्हणजे साधारण २०० मिली. बाळाने एखाद-दुसरा चमचा घेऊन तोंड फिरवलं होतं, कारण ते मिठासारखं लागत होतं. ताईंनी ते ओतून दिलं, लिटरची बाटली मोजून नवं कालवून दिलं. बाळ बरं आहे.

पाकीट एक लिटर पाण्याचं असतं. पेल्यात कालवलं की पाचपट कडक होतं. इतकं मीठ पोटात गेलं तर हगवणीने पाणी गेलेल्या बाळाच्या रक्तातलं मीठ आणखी वाढतं, आणि औषधच अपाय करतं. ताई हे माझ्याशी बोलताना रागावल्या नव्हत्या, पण मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

संभाषणात मी "एक लिटर" सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. नातीला विचारलं तर म्हणाली, "ताई, आजीनं सांगतलं, शेवटचंच वाच. तेच वाचलं."

म्हणजे ज्या क्षणी मी गोळा करून लिहिलं, त्या क्षणी सकाळपासूनचं सगळं बोलणं मावशींच्या लेखी संपलं. मी आठवण म्हणून लिहीत होते. त्या घरात ती एकच चिठ्ठी उरणार होती, आणि माप चिठ्ठीत नव्हतं.

आजपासून चार वाजताची ही चिठ्ठी हेच केंद्राचं वेगळं काम धरायचं ठरवलं. मावशींना फोन करून आधी पाकिटाचं नीट सांगितलं, बाकीचं दोन-तीन दिवसांत पुन्हा लिहून पाठवते म्हटलं. पेरणीला पाऊस नाही, तेवढा अवकाश आहे.

६ जून

आज सगळं संभाषण वहीत डावीकडे उतरवलं, उजवीकडे माझी ओळ. मग काय गळलं त्यावर लाल पेनाने खुणा केल्या.

सोयाबीनची चूक सर्वात लाजिरवाणी, कारण तिथे काही गळलेलं नाही, चुकीचं उत्तर गेलं आहे. सकाळी मावशी म्हणाल्या होत्या, "सत्तर-पंच्याहत्तर दाने उगवते." त्यांनी आठवड्यापूर्वीच गोणपाटावर शंभर दाणे लावले होते, दहाच्या दहा ओळी, ओलं करून गुंडाळून माजघरात. सत्तर टक्के उगवण असेल तर एकरी ३० किलो, हे दादांचं उत्तर मी दिलं. पण दुपारी एक वाजता नातीने गुंडाळी उलगडून प्रत्यक्ष मोजले, तर धडधाकट कोंब साठच निघाले. तेव्हा दादांनी हिशेब बदलला : ३० ला ७० ने गुणून ६० ने भागलं की ३५. एकरी ३५ किलो, तीन एकराला १०५. मावशींनी "हाव" म्हटलं आणि बोलणं विहिरीवर गेलं.

चार वाजता लिहिताना मी वरून खाली आले आणि जिथे पहिल्यांदा सोयाबीन दिसलं तिथलं उचललं. पेरणीला १५ किलो कमी पडलं असतं, आणि विरळ उगवलं म्हणून दोष बियाण्यावर गेला असता.

यावरून एक पद्धत धरली : गोळा करताना संभाषण खालून वर वाचायचं. प्रत्येक विषयाचं जे सर्वात शेवटचं बोलणं, तेच उत्तर. त्याच्या वरचं तिथपर्यंत पोचायची वाट. आज उरलेली चारही उत्तरं अशी वाचली, तर बँकेच्या प्रश्नातही मी जुनंच बोलणं उचललेलं सापडलं. त्यावर नंतर लिहिते.

आणखी एक गोष्ट नातीमुळे कळली. तिने काल विचारलं, "ताई, ती पावडर बियाण्याले लावाची हाय का?" माझं वाक्य पुन्हा बघितलं : "३० किलो पेरा आणि विहिरीत ब्लीचिंग पावडर टाका." आमच्याकडे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळतात, तेव्हा बियाण्याच्या शेजारी पावडर आली की पोरीचं डोकं तिकडेच जाणार. मराठीत "आणि" आला की ऐकणारा दोन गोष्टी एका दावणीला बांधतो. पाच बिनसंबंधाची उत्तरं असतील तर "आणि", "तसेच", "त्याचबरोबर" हे तिन्ही वर्ज्य. प्रत्येक ओळीची सुरुवात ज्या वस्तूबद्दल ती आहे तिच्या नावाने : बाळ, सोयाबीन, विहीर, सातबारा, बँक. आणि नाव मावशींच्या तोंडचं. त्या "वारस नोंद" म्हणत नाहीत, "सातबारा" म्हणतात. ओळ सातबाऱ्यानेच सुरू होईल.

९ जून

आजचा पूर्ण दिवस विहिरीच्या एका ओळीला दिला. लागलाच तेवढा.

विहीर गोल, दहा फूट व्यासाची, पाणी सध्या तेरा फूट. शेतातली आहे पण तीन घरं तिचंच पाणी पितात. ग्रामपंचायतीची नळयोजना त्या वस्तीपर्यंत पोचत नाही. विहिरीच्या पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते. दहा फुटी विहिरीत एक फूट उंचीच्या पाण्यात सुमारे २,२०० लिटर मावतात. तेरा फुटाला २८,६०० लिटर, म्हणजे साधारण ७२ ग्रॅम.

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं : "विहीर : ७२ ग्रॅम पावडर." माप आहे, सुटसुटीत आहे. दादांनी वाचलं आणि एकच विचारलं, "श्रावणात?"

श्रावणात पाणी बावीस फुटांपर्यंत येतं असं मावशींनीच सांगितलं होतं. तेव्हा ७२ ग्रॅम म्हणजे जेमतेम साठ टक्के डोस. वासही येईल, मावशींना वाटेल झालं काम, आणि नेमक्या ज्या दिवसांत ओढ्याचं पाणी झिरपतं त्या दिवसांत विहीर अर्धवट शुद्ध होईल. आजच्या हिशेबाचं उत्तर ओळीत ठेवलं तर ओळ पहिल्याच पावसापर्यंत खरी.

दुसरा मसुदा : "विहीर : हजार लिटरला अडीच ग्रॅम." हे बारा महिने खरं आहे, पण मावशींच्या हातात त्याचं काही होत नाही. विहिरीत किती लिटर आहेत हे त्यांनी कसं काढायचं?

दुपारी जेवून उठताना सुचलं की या विहिरीपुरता नियम अर्ध्या वाटेवर आणून ठेवता येतो. व्यास बदलत नाही. बदलतो फक्त पाण्याचा फूट. २,२०० लिटरला साडेपाच ग्रॅम, म्हणून एका फुटाला साडेपाच ग्रॅम. दोराला दगड बांधून किती दोर भिजला ते मावशी मोजतातच. फूट गुणिले साडेपाच, एवढं नात करते. ही ओळ ज्येष्ठातही चालेल, श्रावणातही. फक्त दुसऱ्या कुणाच्या विहिरीला चालणार नाही. मावशींच्या शेजारच्या वस्तीतली विहीर वीस फुटी आहे, तिला चौपट लागेल. म्हणून ओळीत "तुमच्या विहिरीला" हे शब्द राहिलेच पाहिजेत. ही चिठ्ठी पुढे पाठवली जाणार, हे गृहीत धरूनच लिहायचं.

"साडेपाच" अक्षरात का लिहिलं तेही नोंदते. "५.५" लिहिलं तर नात "पाच पाच" वाचते, तिने ४ तारखेला "२.५" असंच "दोन पाच" वाचलं होतं. पडद्यावरचा तो टिंब आवाजात येत नाही, आणि मावशींपर्यंत जे पोचतं ते आवाजातूनच. अर्धा, पाऊण, सव्वा, अडीच, साडे हे शब्द आपल्याकडे आयते आहेत. मोठे पूर्ण आकडे मात्र आकड्यातच बरे, ते तिला पटकन सापडतात.

राहिली कृती. पावडर थेट विहिरीत टाकत नाहीत. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरायची, दहा मिनिटं ठेवायची. चुन्याचा गाळ खाली बसतो. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडायची आणि वर-खाली हलवायची. त्यानंतर तासभर कोणी पाणी भरायचं नाही. हे सगळं ओळीत मावत नाही. मावशींना काय आधीपासून येतं ते फोनवर विचारलं. कालवणं, निवळणं त्यांना ठाऊक आहे, चुना निवळतात तसंच. तासभर थांबायचं त्यांना माहीत नव्हतं. तर ओळीत माप आणि तासभर, एवढंच. जे ऐकणाऱ्याला येतंच ते गाळायचं, जे चुकलं तर नुकसान ते ठेवायचं. पावडर झाकणबंद, कोरडी हवी, ओल लागली की तिचा जोर जातो, हे आज तोंडी सांगितलं.

१२ जून

सातबाऱ्याच्या ओळीत मी एक वेगळीच चूक केली होती. मावशींनी दोन गोष्टी विचारल्या होत्या. एक, अर्ज कुठे नि कधी. दोन, "लेकीचं लगन होऊन दहा वर्सं झाली, तिचं नाव नाही टाकलं तं चालते का?"

काकाजींचं उत्तर स्पष्ट होतं. चालत नाही. वारस म्हणून बायको, मुलगे, मुली सगळ्यांची नावं द्यायची, मुलीचं लग्न झालं असो वा नसो. तिला हिस्सा नकोच असेल तर ती नंतर स्वतः नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देऊ शकते. अर्जात तिला लपवता येत नाही. आणि मुदतीचं : वारसाने तीन महिन्यांत कळवायचं असतं, मावशींचे तीन महिने उलटले आहेत, पण त्यामुळे हक्क जात नाही. उशीर झाला म्हणून घरी बसायचं नाही.

माझ्या ओळीत "वारस नोंदीचा अर्ज करा" एवढंच आलं. लेकीची गोष्ट मी गाळली, आणि का गाळली ते मला माहीत आहे. ते उत्तर ऐकून मावशी गप्प झाल्या होत्या. शेवटी गोड बोलून निरोप घ्यावा असं वाटलं. पण नको असलेलं उत्तर विसरायला माणसाला वेळ लागत नाही. ते लिहिलेलं नसलं तर पंधरा दिवसांनी "त्या पोरीनं असं काही सांगतलं नाही" असंच होणार, आणि नुकसान त्या लेकीचं. पाचपैकी कोणती ओळ मावशींना टोचेल ते ओळखून ती आधी लिहायची, म्हणजे जागा संपली असं कारण उरत नाही.

अर्ज दिल्यावर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हे ओळीत घेतलं नाही. अर्ज गेल्यावर ते सांगायचं, तेव्हा ते कामाचं.

आता बँकेचं. माझी ओळ होती "आधार लिंक आहे का ते बघा". खालून वर वाचलं तेव्हा लक्षात आलं की हे मी सुरुवातीला म्हटलं होतं. शेवटी ठरलं होतं वेगळंच. मावशींची दोन पासबुकं आहेत आणि आधार दोन्हीकडे दिलेलं आहे, म्हणून त्या निर्धास्त होत्या. पण सरकारी पैसा जातो तो एकाच खात्यात, ज्या बँकेची आधारवर शेवटची जोडणी झाली तिथे. दोन्हीकडे कागद दिला याचा अर्थ दोन्हीकडे पैसा येतो असा होत नाही. कोणती जोडलेली आहे ते आधारच्या साइटवर `Bank Seeding Status` मध्ये दिसतं, त्यासाठी आधारला दिलेल्या मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. तो मोबाइल मुलाकडे, मुलगा हिंगणघाटला.

म्हणजे या प्रश्नाचं उत्तर ३ तारखेला मिळालेलंच नव्हतं. तरी मी इतर चारांसारखीच आज्ञार्थी ओळ लिहिली, जणू मावशींच्या हातात काही आहे. उत्तर अर्धं असेल तर ओळीने तसं सांगायला हवं : काय अडलं आहे, कोणामुळे सुटेल, कधी. पाच प्रश्न होते म्हणून पाच उत्तरं दाखवायची, हा मोह होतो. चार उत्तरं आणि एक बाकी, हेच खरं होतं.

१४ जून

क्रम. मावशींनी विचारला तो क्रम, की निकडीचा? आशाताई म्हणाल्या, "बाळाचं वर घे, बाकी कसंही लाव." बाळाची हगवण आता थांबली आहे, पण पाकीट घरात आहे आणि पावसाळा समोर आहे. ओळ पुन्हा लागणार. बाळ वर घेतलं. बाकीचे मावशींच्याच क्रमाने, कारण त्याच क्रमाने त्यांना ते आठवतील.

लांबीचं माप पडद्यावरून ठरवत होते, ते सोडलं. नातीला पाचही मसुदे वाचायला लावले. जिथे तिने मधेच श्वास घेतला, तिथे मावशींनी "काय म्हनलं?" विचारलं, दर वेळी. एका श्वासात होते तीच ओळ. त्यामुळे झिंकची गोळी ओळीतून गेली. ताईंनी १४ दिवसांच्या गोळ्या मोजून पाकिटावर खुणा करून दिल्या आहेत, तिथे चिठ्ठीची गरज नाही. धोक्याची खूण मात्र ठेवली, आणि अनेकांतली एकच : बाळ पीत नसेल तर. ती मावशींना डोळ्यांनी दिसते.

१७ जून

आज पाच वेगवेगळे निरोप पाठवले. एकत्र नाही, म्हणजे ज्या ओळीवर शंका असेल तिलाच धरून त्या बोलू शकतात.

"बाळ : एक पाकीट एक लिटर पाण्यात, दिवसभरात संपवा, उरलं तर फेका, पीतच नसेल तर लगेच दवाखाना."

"सोयाबीन : साठ उगवले म्हणून एकरी ३५ किलो, तीन एकराला १०५ किलो."

"विहीर : तुमच्या विहिरीला एका फूट पाण्यामागे साडेपाच ग्रॅम पावडर, मग तासभर पाणी भरू नका."

"सातबारा : लेकीचं नाव घालूनच अर्ज करा, उशीर झाला तरी करा."

"बँक : अजून कळलं नाही, मुलगा रविवारी आला की त्याच्या मोबाइलवरून आपण मिळून पाहू."

मग फोन लावला आणि मावशींना म्हटलं, आता न वाचता तुम्ही मला सांगा. चार ओळी बरोबर आल्या. सोयाबीनला म्हणाल्या, "पस्तीस किलो." एकरी का एकूण, विचारलं. थोडं थांबल्या, मग "एकरी. एकून एकशे पाच." सातबाऱ्याला त्या लेकीचं नाव घेऊन बोलल्या, आणि पुढे स्वतःच म्हणाल्या, "तिले मीच फोन करतो."

पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्यायचा, हे मी आज सांगणार होते. ते ३ तारखेच्या बोलण्यात नव्हतं, म्हणून पाच ओळींत घातलं नाही. शेवटच्या चिठ्ठीत नवीन गोष्ट घुसली की विचारलेलं कुठलं नि सांगितलेलं कुठलं ते मावशींना कळत नाही. वेगळा फोन करून सांगितलं.

२३ जून

काल रविवार. मुलगा आला, ओटीपी आला, जोडलेली बँक निघाली ती ज्या पासबुकात मावशी कधी बघत नाहीत ती. बँकेची ओळ बदलून पाठवली, आणि जुनी खोडायला सांगितली. नातीने वहीत उतरवून घेतलेली होती, तिने तिथेही खोडली आणि फोटो पाठवला.

पावसाच्या दोन मोठ्या सरी झाल्या. आज सकाळी मावशींचा आवाज आला, मागे कोंबड्याचं ओरडणं : "पोरी, दोर टाकला. पंधरा फूट भरलं. पोट्टी म्हनते साडेब्याऐंशी. दुकानदारानं ब्याऐंशी मोजून देल्ली. घातली, अन् साऱ्याईले सांगतलं, नऊ वाजेपर्यंत कोनी बादली सोडू नका."